गेस्ट वायफायवर मोबाइलवरून टीव्हीवर कास्ट होत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात घरी, होमस्टेवर, क्लिनिकमध्ये वायफाय लावून द्यायचं माझं काम आहे आणि गेल्या दोन-तीन वर्षांत एकच फोन सगळ्यात जास्त येतो, "भाऊ, नेट तर मस्त चालून राहिलं पण मोबाइलवरून टीव्ही सापडूनच नाही राहिला". बहुतेक वेळा टीव्ही बिघडलेला नसतो, मोबाइलही नाही. टीव्ही किंवा मोबाइल किंवा दोन्ही गेस्ट वायफायवर असतात आणि गेस्ट वायफाय एका डिव्हाइसला दुसऱ्याशी बोलू देत नाही, एवढंच असतं. लोक फोनवर जे विचारतात ते तसंच खाली घेतलंय.

नेट दोन्हीवर चालतं, यूट्यूबही लागतं, मग कास्टचं चिन्हच का येत नाही?

कारण नेट चालणं आणि दोन डिव्हाइस एकमेकांना दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लॉजवरचा इंटरकॉम आठवा, काही लॉजवर खोलीतून रिसेप्शनला फोन लागतो, बाहेरची लाइनही मिळते, पण १०१ मधून १०२ ला लावला तर लागत नाही, तशी सोयच ठेवलेली नसते. गेस्ट वायफाय असंच असतं. राउटर तिथे प्रत्येकाला सांगतो की तू माझ्यामार्फत बाहेर इंटरनेटवर जा, पण शेजारी कोण बसलंय ते तुला दिसणार नाही. पाहुण्याच्या मोबाइलमध्ये काही व्हायरस-बियरस असला तर तो आपल्या लॅपटॉपपर्यंत, कॅमेऱ्यापर्यंत पोचू नये म्हणून हे मुद्दाम केलेलं असतं. म्हणजे राउटर त्याचं काम बरोबरच करत असतो, फक्त त्याला हे माहीत नसतं की हा टीव्ही आणि हा मोबाइल एकाच घरचे आहेत.

पण व्हिडिओ तर इंटरनेटवरूनच येतो नं, मग मोबाइल आणि टीव्हीने आपसात बोलायची गरजच काय?

हा प्रश्न फार बरोबर आहे आणि याचं उत्तर कळलं की बाकीचं सगळं आपोआप कळतं.

तुम्ही यूट्यूब कास्ट करता तेव्हा व्हिडिओ मोबाइलमधून टीव्हीत जात नाही. मोबाइल टीव्हीला फक्त सांगतो की हा अमुक व्हिडिओ लाव, मग टीव्ही स्वतः इंटरनेटवरून तो आणतो आणि दाखवतो, म्हणून तर कास्ट केल्यावर मोबाइलची स्क्रीन बंद करून खिशात टाकली तरी पिक्चर चालू राहतो. पण ते "हा लाव" सांगण्यासाठी आधी टीव्ही सापडावा लागतो, आणि तो शोध घरातल्या घरात होतो. मोबाइल वायफायवर एक हाक मारतो, ती एका ठरलेल्या पत्त्यावर जाते, 224.0.0.251, पोर्ट 5353, आणि त्या हाकेचा अर्थ असतो की `_googlecast._tcp.local` नावाची सेवा देणारं कोणी आहे का इथे. ही हाक नेटवर्कवरच्या सगळ्यांना ऐकू जावी अशी योजना आहे. ज्याच्यात कास्टची सोय आहे तो टीव्ही ओ देतो, "मी आहे, माझं नाव हॉल टीव्ही, माझा पत्ता हा", मग तुमच्या ॲपमध्ये ते चिन्ह उमटतं. तुम्ही चिन्ह दाबलं की मोबाइल थेट टीव्हीच्या 8009 पोर्टवर जोडला जातो आणि पुढचं बोलणं तिथे होतं.

गेस्ट वायफायवर ही पहिली हाकच राउटरपाशी थांबते. टीव्हीला ऐकूच येत नाही तर तो ओ कसा देणार? म्हणून चिन्ह येत नाही, आणि चिन्ह येत नाही म्हणून लोकांना वाटतं ॲप बिघडलं, मग ॲप काढा, परत टाका, टीव्ही रिसेट करा, यात अख्खी दुपार जाते.

मोबाइलमधले स्वतःचे फोटो-व्हिडिओ दाखवायचे असतील किंवा पूर्ण स्क्रीन टीव्हीवर आणायची असेल तर मोबाइल-टीव्ही संबंध अजून घट्ट लागतो, कारण तिथे माल मोबाइलमधूनच टीव्हीत जातो, इंटरनेटवरून नाही. आयफोनच्या एअरप्लेचंही तसंच, तोही आधी अशीच हाक मारून टीव्ही शोधतो.

दोन्ही एकाच नावाच्या वायफायवर आहेत हो, मी स्वतः पाहिलं. तरी का?

इथेच बहुतेक जण अडकतात, कारण ॲपही तेच सांगतं की दोन्ही एकाच वायफायवर ठेवा, आणि तुम्ही ठेवलेले असतात.

गेस्ट वायफायमध्ये भिंती दोन असतात. एक भिंत गेस्ट आणि मेन, म्हणजे घरचं नेहमीचं वायफाय, यांच्यामध्ये, त्यामुळे गेस्टवरच्या मोबाइलला मेनवरचा टीव्ही दिसत नाही, ही भिंत सगळ्यांना माहीत असते. दुसरी भिंत गेस्टच्या आतच असते, गेस्टवरच्या एका डिव्हाइसला गेस्टवरचंच दुसरं डिव्हाइस दिसत नाही. वायफायमध्ये मोबाइल आणि टीव्ही एकाच सोफ्याजवळ असले तरी त्यांचं बोलणं थेट होत नाही, आधी राउटरकडे जातं आणि राउटर ते पुढे देतो. या सेटिंगमध्ये राउटर ते पुढे देणंच बंद करतो. नाव एकच, पासवर्ड एकच, सिग्नलच्या सगळ्या काड्या फुल, तरी एकमेकांना काहीच पोचत नाही.

हेच कारण आहे हे पक्कं कसं करायचं? नाहीतर उगाच राउटरशी खेळत बसायचं.

हे मी एका खऱ्या केसवरून सांगतो, म्हणजे क्रम लक्षात राहील.

गेल्या उन्हाळ्यात त्रिमूर्तीनगरला मावशीकडे गेलो होतो, बाहेर ४५ डिग्री, कूलरसमोर सगळे बसलेले, आणि ताईच्या लग्नातले हळदीचे व्हिडिओ मोठ्या टीव्हीवर पाहायचे म्हणून भाचा तासभर धडपडून राहिला होता. नवीन टीव्ही, नवीन मोबाइल, दोन्ही घरच्या गेस्ट वायफायवर. आधी एक मेकॅनिक येऊन सांगून गेला होता की टीव्हीचं वायफाय कमजोर आहे, बोर्ड बदलावा लागेल. मावशी तर पैसे काढून ठेवायच्या तयारीत होती.

मी आधी टीव्हीचा पत्ता पाहिला. गूगल टीव्हीवर Settings मध्ये Network & Internet, तिथे जोडलेल्या वायफायचं नाव उघडलं की IP address लिहिलेला असतो. टीव्ही होता 192.168.0.104. मोबाइलमध्ये वायफायच्या नावासमोरचं चाक दाबलं की तसाच पत्ता दिसतो, तो होता 192.168.0.108. पहिले तीन आकडे सारखे, म्हणजे दोघं एकाच पट्ट्यात. इथे भाचा म्हणाला, "मामा, बघ, एकच नेटवर्क आहे, मग टीव्हीच खराब."

मग मी लॅपटॉप त्याच गेस्ट वायफायला जोडला, त्याला 192.168.0.112 मिळाला, आणि कमांड प्रॉम्प्टवर पिंग केलं, म्हणजे आधी इंटरनेटवरच्या एका पत्त्याला आणि मग टीव्हीच्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का ते पाहिलं:

```
ping 8.8.8.8
ping 192.168.0.104
```

पहिल्याला पटापट उत्तरं आली, म्हणजे बाहेरचा रस्ता मोकळा. दुसऱ्याला हे आलं:

```
Reply from 192.168.0.112: Destination host unreachable.
```

ही ओळ नीट वाचा, कारण Reply हा शब्द पाहून पुष्कळ लोक म्हणतात की उत्तर तर आलं. उत्तर टीव्हीकडून आलेलं नाही, पत्ता 112 आहे, म्हणजे लॅपटॉप स्वतःच स्वतःला सांगून राहिला की मला 104 सापडला नाही. एका पट्ट्यातलं, चालू असलेलं, नेट पीत असलेलं डिव्हाइस सापडतच नाही याचा अर्थ मध्ये कोणीतरी अडवतंय. कधी कधी याऐवजी Request timed out येतं, त्याचाही इशारा तिकडेच असतो.

तेवढ्यावरही मी थांबलो नाही. टीव्ही आणि लॅपटॉप दोन्ही मेन वायफायवर नेले, टीव्हीला नवीन पत्ता मिळाला, त्यावर पिंग केलं, लगेच उत्तर आलं. तोच टीव्ही, तीच जागा, तोच राउटर, फक्त वायफायचं नाव बदललं. ही उलटतपासणी झाली की मग शंका राहत नाही, टीव्हीचं वायफाय ठणठणीत होतं. भाच्याचा मोबाइलही मेनवर घेतला, फोटो ॲप उघडलं तर चिन्ह आधीच येऊन बसलेलं.

टीव्ही गेस्टवर गेलाच कसा, हेही निघालं. दोन महिन्यांपूर्वी मेनचा पासवर्ड बदलून लांबलचक केला होता, मोठी-छोटी अक्षरं, आकडे, चिन्हं, आणि टीव्हीच्या रिमोटने एकेक अक्षर टाकायचा कंटाळा म्हणून भाच्याने सोपा पासवर्ड असलेलं गेस्ट निवडलं. हे कारण मला नंतर आणखी पाच-सहा घरी सापडलं, म्हणून आता कोणाकडेही गेलो की आधी हेच विचारतो.

लॅपटॉप नसेल तर नेटवर्क स्कॅन करणारं कोणतंही साधं ॲप मोबाइलवर घ्या. मेन वायफायवर ते घरातली सगळी डिव्हाइस दाखवेल, गेस्टवर फक्त राउटर आणि तुमचा मोबाइल, बाकी कोणी नाही. ही यादी पाहूनही समजतं.

मग नेमकं काय बदलायचं?

घर असेल तर माझं स्पष्ट मत आहे, गेस्टच्या सेटिंगला हातच लावू नका. टीव्ही मेनवर न्या, घरच्यांचे मोबाइल मेनवर न्या, गेस्ट खऱ्या पाहुण्यांसाठी राहू द्या. टीव्हीत जुनं गेस्टचं नाव Forget करून टाका, नाहीतर लाइट जाऊन आल्यावर टीव्ही परत गेस्टला चिकटेल आणि तुम्हाला वाटेल रोग परत आला. पासवर्ड टाकायचा कंटाळा येत असेल तर बऱ्याच टीव्हीत यूएसबी कीबोर्ड लागतो, पाच मिनिटांसाठी शेजाऱ्याकडून आणा.

मेनवर नेऊनही सापडत नसेल तर राउटरच्या पानावर पाहा, मेन वायफायलाच ही भिंत लावलेली असू शकते. हे पान मेनवरूनच उघडा, गेस्टवरून बहुतेक राउटर ते उघडू देत नाहीत. मेनच्या वायरलेस सेटिंगमध्ये, बहुधा Advanced च्या खाली, AP Isolation किंवा Client Isolation असं काहीतरी असतं, फायबरच्या डब्यांवर कधी SSID Isolation लिहिलेलं असतं. ते बंद करा, सेव्ह करा, टीव्ही आणि मोबाइल दोघांचं वायफाय बंद-चालू करा.

गेस्टमध्येच कास्ट चालवायचं असेल तर टीपी-लिंकच्या बऱ्याच राउटरवर गेस्टच्या पानावर दोन खुणा असतात, Allow guests to see each other आणि Allow guests to access my local network. पहिली आतली भिंत पाडते, दुसरी मेनकडची भिंत पाडते. टीव्ही आणि मोबाइल दोन्ही गेस्टवर असतील तर फक्त पहिली पुरते, दुसरीला हात लावायचं काही कारण नाही. नेटगिअरवर मात्र दोन्ही एकाच खुणेत बांधलेलं असतं, Allow guests to see each other and access my local network, तिथे एक घेतली की दुसरी आपोआप येते, म्हणून तिथे जरा विचार करून. आसूसवर Access Intranet असं नाव आहे आणि ते मेनकडच्या भिंतीचं आहे.

'See each other' चालू केलं तर धोका काय?

घरी, ओळखीच्याच पाहुण्यांसोबत, फारसा नाही, कारण मेनकडची भिंत तशीच उभी असते, तुमचा लॅपटॉप-कॅमेरा पलीकडेच राहतो. फक्त जो गेस्टवर येईल त्याला तुमचा टीव्ही दिसेल आणि तो त्यावर काहीही लावू शकेल.

पण होमस्टे असेल तर गोष्ट बदलते. वर्धा रोडला एक तीन खोल्यांचा होमस्टे मी पाहतो, तिथे पेंच-ताडोबाला जाणारे लोक एक रात्र थांबतात. मालकांनी कोणाचं तरी ऐकून ही खूण चालू केली आणि तिन्ही खोल्यांतल्या टीव्हीवर कास्ट सुरू झालं, सगळे खूश. दोन दिवसांनी रात्री अकराला एका खोलीतल्या काकू घाबरून बाहेर आल्या, टीव्ही आपोआप चालू होऊन त्यावर गाणी लागली होती. शेजारच्या खोलीतल्या पोराने यादीतला चुकीचा टीव्ही निवडला होता, एवढंच. पण त्या काकूंना काय कळणार, त्यांना वाटलं कोणी आपल्याला पाहून राहिलं. शिवाय एका पाहुण्याचा लॅपटॉप दुसऱ्या पाहुण्याला दिसतो, ते तर जास्त वाईट.

तिथे मी शेवटी प्रत्येक खोलीत एकेक छोटा राउटर लावला, टीव्ही आणि त्या खोलीतला पाहुणा त्या राउटरमागे, आणि तिन्ही राउटरची केबल मोठ्या डब्याला. खोली एकचा पट्टा 192.168.10, दोनचा 192.168.20, तीनचा 192.168.30. आता पाहुण्याच्या मोबाइलवर एकच टीव्ही दिसतो, त्याच्याच खोलीतला. यात एक खाचखळगा आहे जो मी आधी एका ठिकाणी पाहिलाय: छोट्या राउटरमागच्या माणसाला शेजारची खोली दिसत नाही, पण वरचा मोठा डबा आणि त्या डब्याला थेट जोडलेल्या वस्तू मात्र गाठता येतात. म्हणून मालकांचा कॉम्प्युटर आणि कॅमेऱ्याचा रेकॉर्डर मी चौथ्या राउटरमागे टाकला, मोठ्या डब्यावर फक्त राउटरच ठेवले. हे करायला विसरलात तर पाहुण्यांना एकमेकांपासून वाचवाल आणि मालकाला उघडं ठेवाल.

टीव्हीला वायफाय नाही, लॅन केबल लावलीय. तरी हे होतं का?

होतं. केबल राउटरच्या मागच्या पोर्टात जाते आणि घरच्या राउटरवर ते पोर्ट बहुधा मेनच्या बाजूला असतात, म्हणून गेस्टवरच्या मोबाइलला केबलवरचा टीव्ही दिसणार नाही. मोबाइल मेनवर आणला की दिसतो.

उलटंही होतं, आणि ते कामाचं आहे. मेनवर AP Isolation चालू असेल आणि काही कारणाने बंद करता येत नसेल, म्हणजे फायबरच्या डब्याचा पासवर्ड तुमच्याकडे नाही वगैरे, तर टीव्हीला केबल लावून पाहा. बऱ्याच डब्यांवर ही भिंत फक्त वायफाय-वायफाय मध्ये असते, केबलला लागू नसते. मानेवाड्याला एका घरी १० मीटरच्या केबलने काम झालं.

आमच्याकडे गेस्ट नाहीच, पण फायबरचा डबा आणि त्यामागे आमचा राउटर आहे. तरी सापडत नाही.

लक्षणं तीच, कारण वेगळं. टीव्ही डब्याच्या वायफायवर आणि मोबाइल राउटरच्या वायफायवर असेल तर दोघं वेगळ्या पट्ट्यात असतात, एकाचा पत्ता 192.168.1 ने सुरू होईल आणि दुसऱ्याचा 192.168.0 ने. ती शोधायची हाक एका पट्ट्यातून दुसऱ्यात जातच नाही. काही लोक दोन्हीकडे वायफायचं नाव आणि पासवर्ड सारखाच ठेवतात, मग तर दिसायला एकच नेटवर्क, आणि कास्ट कधी चालतं कधी नाही, मोबाइल त्या वेळी कोणाला चिकटला त्यावर. राउटर Access Point मोडवर टाका, म्हणजे तो स्वतःचा वेगळा पट्टा न करता डब्याचाच पट्टा पुढे देईल, किंवा डब्याचं वायफाय बंद करून सगळं राउटरवर आणा.

मी हॉस्टेलवर राहते, राउटर माझा नाही, वॉर्डन काही बदलून देणार नाहीत. मी काय करू?

नंदनवनच्या हॉस्टेलवरून एकीने विचारलं होतं. राउटरवाल्याने भिंत ठेवलीय ती तुमच्याच भल्यासाठी आहे, तिथे शंभर पोरींचे मोबाइल एकाच वायफायवर असतात, त्यामुळे ती पाडायला सांगू नका. भिंत तशीच ठेवून करायचे तीन रस्ते आहेत.

यूट्यूबच पाहायचं असेल तर सगळ्यात सोपं, टीव्हीवरच्या यूट्यूब ॲपमध्ये Settings मध्ये Link with TV code आहे, तिथे १२ अंकी कोड येतो. मोबाइलच्या यूट्यूबमध्ये Settings, Watch on TV, Enter TV code, तो कोड टाका. ही जोडणी इंटरनेटवरून फिरून होते, घरातल्या हाकेवर नाही, म्हणून गेस्टच्या भिंतीचा तिला फरक पडत नाही, मोबाइल डेटावर असला तरी चालतं. माझ्या मते ही सोय फार कमी लोकांना माहीत आहे.

बाकी ॲपसाठी मोबाइलचा हॉटस्पॉट. पण एकाच मोबाइलने हॉटस्पॉट द्यायचा आणि त्यावरूनच कास्ट करायचं हे प्रत्येक मोबाइलवर जमत नाही, दोन मोबाइल घ्या, एक हॉटस्पॉट देईल, टीव्ही आणि दुसरा मोबाइल त्याला जोडा. डेटाचं लक्ष ठेवा, एचडीमध्ये तासाला ३ जीबीपर्यंत जाऊ शकतो आणि रोजचे दीड-दोन जीबीचे पॅक असतात, म्हणजे अर्ध्या पिक्चरमध्येच संपणार. टीव्हीवर क्वालिटी ४८० वर ठेवा.

तिसरं, लॅपटॉप असेल तर सरळ एचडीएमआय केबल. यात वायफाय मध्ये येतच नाही. मी बाहेरगावी जाताना बॅगेत एक ठेवतोच.

स्क्रीन मिररिंग चालतं पण कास्ट नाही, असं कसं?

काही अँड्रॉइड मोबाइलमध्ये मिराकास्ट असतं, वेगवेगळ्या कंपन्या त्याला वेगवेगळी नावं देतात. ते राउटरला विचारतच नाही, मोबाइल आणि टीव्ही थेट आपसात वायफाय जोडतात. म्हणून गेस्टवर असतानाही चालतं. गूगलच्या स्वतःच्या पिक्सेल मोबाइलमध्ये ते नाही आणि आयफोनमध्येही नाही. मिररिंग चालतं आणि कास्ट चालत नाही, हे दिसलं तर उलट राउटरच्या भिंतीवरच संशय पक्का करा.

चिन्ह येतं, पण पाच मिनिटांनी जातं. किंवा येतं आणि दाबल्यावर जुळत नाही.

मग बहुतेक हा रोग नाही. आयसोलेशन असेल तर टीव्ही त्या वायफायवर कधीच दिसत नाही, दिवसा नाही रात्री नाही. येऊन-जाऊन असेल तर राउटर ती सगळ्यांसाठीची हाक नीट पुढे देत नाहीये, तिथे IGMP Snooping नावाची सेटिंग बंद-चालू करून पाहावी लागते.

एकाच मोबाइलवर दिसत नसेल आणि दुसऱ्या मोबाइलवर दिसत असेल, दोन्ही त्याच वायफायवर, तर राउटर निर्दोष आहे. आयफोनवर Settings, Privacy & Security, Local Network मध्ये त्या ॲपची परवानगी बंद असते, २०२० मध्ये आयओएस १४ पासून ॲपने ही परवानगी विचारायला सुरुवात केली आणि पुष्कळ लोक घाईत नको म्हणून बसतात. अँड्रॉइडवर व्हीपीएन चालू राहिलेलं असतं. मोबाइलमध्ये ऑफिसचं ॲप असेल तर आधी त्याचं व्हीपीएन चालू आहे का ते पाहा.

फक्त नेटफ्लिक्सवर चिन्ह येत नाही, बाकी सगळीकडे येतं.

तो तुमच्या वायफायचा प्रश्न नाही. नेटफ्लिक्सने २०२५ च्या शेवटी बहुतेक नव्या, रिमोट असलेल्या टीव्ही आणि स्टिकवर मोबाइलवरून कास्ट करणं काढून टाकलं. टीव्हीतलंच नेटफ्लिक्स ॲप उघडा.

टीव्ही 2.4 वर आणि मोबाइल 5 वर आहे, म्हणून होत नसेल का?

नाही. एकाच राउटरच्या मेनचे ते दोन बँड असतील तर राउटर त्यांना एकच घर धरतो, कास्ट चालतं. फक्त एवढं पाहा की 5 चं जे नाव तुम्ही निवडलं ते मेनचं आहे की गेस्टचं, कारण बऱ्याच राउटरवर गेस्टही दोन्ही बँडवर वेगवेगळं असतं आणि नावं इतकी सारखी असतात की गल्लत होते. मावशीकडे मी म्हणूनच गेस्टचं नाव बदलून "पाहुणे" ठेवलं, तेव्हापासून टीव्ही तिकडे गेलेला नाही.